एकक जाते, घात राहतो : विचरण गुणांकाविषयी प्रस्तावना

संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे येत असतो. एका वर्गातील विद्यार्थ्यांच्या उंचीचा मध्य आणि प्रमाण विचलन दिलेले असते. वजनाचेही तसेच दोन आकडे दिलेले असतात, आणि या दोहोंपैकी कशात अधिक विचरण आहे ते विचारलेले असते. विद्यार्थी प्रमाण विचलनाला मध्याने भागतो, शंभराने गुणतो, दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडतो, ‘वजनात’ असे लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. आकडे बदलून हा प्रश्न कितीही वेळा घातला तरी उत्तर जवळजवळ नेहमी ‘वजनात’ असेच का येते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ही पुस्तिका त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

विचरण गुणांकाची कृती एका ओळीत संपते, म्हणून तो विषयही तेवढ्यात संपला असे वाटते. प्रत्यक्षात ती ओळ लिहून झाल्यावर खरा विचार सुरू व्हायला हवा. भागाकाराने नेमके काय निघून गेले आणि काय मागे उरले, हे कळल्याशिवाय त्या दोन टक्केवाऱ्यांची तुलना करता येत नाही. मिलिमीटर आणि ग्रॅम निघून जातात, हे सर्वांना ठाऊक असते. मागे काय उरते हे पाहण्यासाठी मी एकच साधे उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत सोडत नाही.

बाजारातून कागदी लिंबे आणली आहेत असे समजू. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येकाचा व्यास मोजायचा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचे. खालचे आकडे समजावण्यासाठी मी सोयीचे निवडले आहेत, पण लिंबाच्या बाबतीत ते अशक्य कोटीतले नाहीत. पाच लिंबांचे व्यास ३६, ३८, ४०, ४२ आणि ४४ मिलिमीटर, आणि त्यांची वजने त्याच क्रमाने २४, २९, ३३, ३९ आणि ४५ ग्रॅम.

व्यासांचा मध्य ४०. मध्यापासूनची अंतरे −४, −२, ०, २, ४; त्यांच्या वर्गांची बेरीज ४०. नमुना पाचांचा आहे म्हणून चाराने भागले की १० येतात आणि वर्गमूळ ३.१६. म्हणजे व्यासाचे प्रमाण विचलन ३.१६ मिलिमीटर. वजनांचा मध्य ३४. अंतरे −१०, −५, −१, ५, ११. वर्गांची बेरीज २७२. चाराने भागून ६८, आणि वर्गमूळ ८.२५. म्हणजे वजनाचे प्रमाण विचलन ८.२५ ग्रॅम. काही पुस्तके चाराऐवजी पाचाने भागतात. दोन्ही मालिकांना एकच नियम लावला तर आपल्या तुलनेत त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो एका मालिकेला एक आणि दुसरीला दुसरा नियम लावल्यावर, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या आकड्यांत हे सहज घडून जाते.

आता ३.१६ आणि ८.२५ यांत मोठा कोणता? हा प्रश्नच निरर्थक आहे. व्यास सेंटिमीटरमध्ये लिहिला तर तेच विचलन ०.३१६ होते आणि मायक्रोमीटरमध्ये लिहिला तर ३१६० होते. लिंबे तीच, त्यांच्यातला उणाअधिकपणाही तोच; बदलली ती फक्त मोजपट्टी. जी तुलना मोजपट्टी बदलल्याने उलटते, ती लिंबांविषयी काहीच सांगत नसते.

म्हणून प्रत्येक विचलन स्वतःच्याच मध्याने भागायचे. ३.१६ भागिले ४० म्हणजे ७.९ टक्के; ८.२५ भागिले ३४ म्हणजे २४.३ टक्के. अंशात मिलिमीटर आणि छेदातही मिलिमीटर, म्हणून एकक कटते, ग्रॅमचेही तसेच. आता व्यास इंचांत मोजा नाहीतर सेंटिमीटरमध्ये, ७.९ हा आकडा हलत नाही. परीक्षेतले उत्तर इथे पूर्ण होते: व्यासापेक्षा वजनात विचरण तिपटीहून किंचित अधिक.

इथे थांबले तर एक विचित्र गोष्ट पदरी पडते. दोन्ही मालिका एकाच पाच लिंबांच्या आहेत. मग ही लिंबे व्यासाने बऱ्यापैकी सारखी आणि वजनाने मात्र भलतीच असमान, असे म्हणायचे का? हातात घेतल्यावर तर ती एकाच तऱ्हेने लहानमोठी दिसतात. तिपटीचा फरक लिंबांत नाही. तो वजन आणि व्यास यांच्या नात्यात आहे.

लिंबू साधारण गोल असते. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि वजन घनफळाच्या मागोमाग जाते. एखाद्या लिंबाचा व्यास दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी मोठा असेल, तर त्याचे वजन १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३१ पट, सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक भरते. फरक अगदी लहान, समजा १ टक्का असेल, तर वजनातला फरक ३ टक्क्यांच्या जवळ येतो. व्यासातला प्रत्येक लहानसा सापेक्ष फरक वजनात तिप्पट होऊन उतरतो, म्हणून विचरण गुणांकही सुमारे तिप्पट व्हायलाच हवा. ७.९ ची तिप्पट २३.७, आपल्याला मिळाले २४.३. म्हणजे वजनातले बहुतेक सगळे विचरण व्यासातूनच आलेले आहे.

याची पडताळणी करता येते. प्रत्येक वजनाचे घनमूळ घ्यायचे: २.८८, ३.०७, ३.२१, ३.३९ आणि ३.५६. त्यांचा मध्य ३.२२, प्रमाण विचलन ०.२६३ आणि विचरण गुणांक ८.२ टक्के. हा आकडा व्यासाच्या ७.९ टक्क्यांना जवळजवळ भिडतो. व्यासाची तुलना घनमुळाशी केली की दोन्ही बाजू ‘लांबी’च्या पातळीवर येतात आणि तिपटीचा भास नाहीसा होतो. भागाकाराने एकक गेले होते, घात मात्र तसाच राहिला होता. लांबी पहिल्या घाताची, क्षेत्रफळ दुसऱ्या, घनफळ आणि वजन तिसऱ्या. मध्याने भागून हा फरक पुसला जात नाही. भिन्न एककांच्या दोन मालिका हातात आल्या की त्यांच्या मोजमापांचे घात तरी सारखे आहेत का, हे मी आधी पाहतो, आणि या पुस्तिकेच्या वाचकानेही तसेच करावे अशी माझी इच्छा आहे.

माणसाच्या उंची-वजनाचे उत्तर यातच आहे, जरी माणूस लिंबासारखा गोल नसला तरी. बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले की प्रौढ माणसांत वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आज ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात तो याच निरीक्षणावर उभा आहे. एकाच समाजातील प्रौढ पुरुषांच्या उंचीचा विचरण गुणांक ४ टक्क्यांच्या आसपास असतो. वर्गाच्या नात्याने त्यातून वजनात ८ टक्के आपोआप येतात. प्रत्यक्षात वजनाचा गुणांक त्याहून बराच मोठा निघतो, आणि ८ च्या वरचा तो भाग आहाराविषयी, मेदाविषयी, कामाच्या स्वरूपाविषयी काही सांगतो. ‘वजनात विचरण अधिक’ या उत्तरात मात्र हे दोन्ही भाग एकत्र मिसळून जातात. अभ्यास करणाऱ्याला हवा असतो दुसरा भाग, आणि मिळते दोहोंची गोळाबेरीज.

विचरण गुणांक ज्याने संख्याशास्त्रात रुजवला, त्या कार्ल पिअर्सनला ही अडचण फारशी का भेडसावली नाही, हे त्याच्या प्रश्नाकडे पाहिले की कळते. पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित गणिताचा प्राध्यापक होता. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हे नावही त्यानेच रूढ केले. १८९६ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आनुवंशिकतेवरील दीर्घ निबंधात त्याने हा गुणांक मांडला, आणि त्याच्यासमोर होते स्त्री-पुरुषांच्या शरीरांचे मोजमाप. पुरुषजातीत विचरण अधिक असते, ही समजूत त्या काळी डार्विनपासून चालत आलेली होती. पण पुरुषांचे शरीर सरासरीने मोठे असते, आणि मोठ्या गोष्टीतले फरकही सेंटिमीटर-किलोग्रॅममध्ये मोठे दिसतात. नुसती प्रमाण विचलने ताडून पाहिली तर आपण विचरण मोजतो की आकारमान, हेच कळत नाही. म्हणून त्याने विचलनाला मध्याने भागले. पुढच्याच वर्षी ‘द चान्सेस ऑफ डेथ’ या निबंधसंग्रहात त्याने या मोजपट्टीने उपलब्ध आकडे तपासले आणि पुरुष अधिक विचरणशील असतात या दाव्याला त्यातून आधार मिळत नाही असे दाखवले.

त्याच्या या तुलनेत स्त्रीची उंची पुरुषाच्या उंचीशी आणि एकीचे वजन दुसऱ्याच्या वजनाशी ताडले जात होते. दोन्ही बाजूंना घात एकच. वेगळा होता तो फक्त मध्य. हाच गुणांक पुढे ‘भिन्न एककांसाठी’ म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला, आणि वेगळे घात असलेल्या राशी शेजारीशेजारी मांडण्याची सवय तिथे रुळली. त्या सवयीला माझा आक्षेप आहे. दोष गुणांकाचा नाही, उदाहरण निवडणाऱ्यांचा आहे.

भिन्न एकके असूनही तुलना न्याय्य ठरते असे उदाहरण आपल्या लिंबांतच आहे. तीच पाच लिंबे पिळून रस मोजला आणि तो ८, १३, १२, २० आणि १७ मिलिलिटर भरला असे धरू. मध्य १४, वर्गांची बेरीज ८६, प्रमाण विचलन ४.६४ आणि विचरण गुणांक ३३.१ टक्के. वजन ग्रॅममध्ये आहे, रस मिलिलिटरमध्ये. पण दोन्ही लिंबाच्या घनफळाशी बांधलेले, दोन्हींचा घात तिसरा. प्रत्येक लिंबातून वजनाच्या ठरावीक हिश्शाइतकाच रस निघाला असता, तर रसाचा गुणांकही २४.३ च आला असता. तो ३३.१ आला, म्हणजे लहानमोठेपणापलीकडे आणखी काहीतरी बदलते आहे: सालीची जाडी, पिकण्याची अवस्था, पिळणाऱ्याचा हात. इथे गुणांक खरोखर लिंबांविषयी बोलतो.

पण पाचच लिंबांवरून एवढे बोलायला तो मोकळा आहे का? मालिका सामान्य वितरणाच्या जवळपास असेल आणि गुणांक फार मोठा नसेल, तर त्याची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने गुणांक भागिले नमुनासंख्येच्या दुपटीचे वर्गमूळ इतकी असते. पाच लिंबांसाठी हा भाजक १० चे वर्गमूळ, म्हणजे ३.१६. त्यानुसार वजनाच्या गुणांकाला सुमारे ७.७ टक्क्यांची आणि रसाच्या गुणांकाला सुमारे १०.५ टक्क्यांची त्रुटी चिकटलेली आहे. २४ आणि ३३ यांतले अंतर या त्रुटींपुढे टिकत नाही. उद्या दुसरी पाच लिंबे घेतली तर क्रम उलटूही शकतो. लिंबे ५० घेतली तर भाजक १० होतो, त्रुटी अनुक्रमे २.४ आणि ३.३ वर उतरतात आणि तेवढेच अंतर पुन्हा आले तर त्यावर विसंबता येते. छापील अहवालात दशांश चिन्हापुढे दोन आकडे देऊन लिहिलेले गुणांक मी पाहतो तेव्हा माझी नजर आधी नमुनासंख्या शोधते. ती दिलेली नसेल तर ते दोन आकडे बाजूला ठेवावे लागतात.

घाताइतकीच दुसरी अट आहे शून्याची. मध्याने भागायचे म्हणजे मोजमाप खऱ्या शून्यापासून सुरू झालेले हवे. लिंबे वाटीत ठेवून तोलली, वाटी ५० ग्रॅमची होती आणि काट्यावरचे टेअरचे बटण दाबायचे राहून गेले, तर काय होईल? वजने ७४, ७९, ८३, ८९, ९५ अशी दिसतील. मध्य ८४ होईल. प्रमाण विचलन मात्र ८.२५ च राहील, कारण सगळ्यांत सारखीच भर पडल्याने अंतरे बदलत नाहीत. गुणांक येईल ९.८ टक्के. म्हणजे काट्यावर विसरलेल्या वाटीने २४.३ चे ९.८ केले. ही चूक पकडण्याची खूण घातातच आहे: व्यासाचा गुणांक ७.९ असताना गोल फळाच्या वजनाचा गुणांक २४ च्या आसपास हवा, आणि तो १० च्या खाली दिसला की आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी काटा तपासावा. नुसते प्रमाण विचलन पाहून ही वाटी कधीच सापडली नसती.

काही मोजपट्ट्यांत ही वाटी कायमचीच बसवलेली असते. सेल्सिअस ही त्यांतली सर्वांत परिचित. तीन दिवसांचे तापमान २०, २५ आणि ३० अंश सेल्सिअस असेल तर मध्य २५, प्रमाण विचलन ५ आणि गुणांक २० टक्के. तेच तीन दिवस फॅरनहाइटमध्ये ६८, ७७ आणि ८६. मध्य ७७, विचलन ९, गुणांक ११.७ टक्के. केल्विनमध्ये मध्य २९८.१५, विचलन ५, गुणांक १.७ टक्के. हवा एकच आणि गुणांक तीन. सेल्सिअसचे शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर माणसाने ठेवलेले आहे. तिथे उष्णता संपत नाही. म्हणून ‘पावसापेक्षा तापमानात विचरण कमी’ असे गुणांकांच्या आधारे लिहिलेले वाक्य, तापमान सेल्सिअसमध्ये असेल तर, तपासण्याच्याही लायकीचे नसते. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि शून्य मिलिमीटर म्हणजे खरोखरच पाऊस नाही. म्हणूनच पर्जन्यमानाच्या अभ्यासात हा गुणांक इतका उपयोगी पडतो: देशभरातील नैऋत्य मोसमी पावसाचे वर्षावर्षांतले प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे, असे म्हटले की त्याला नेमका अर्थ असतो. कोणत्याही मालिकेची कसोटी सोपी आहे. ती प्रचलित असलेल्या दुसऱ्या एककात लिहून गुणांक पुन्हा काढावा. तो बदलला तर त्या मोजपट्टीचे शून्य खरे नाही आणि तिच्यासाठी हा गुणांक वापरायचा नाही.

लिंबाच्या रसाचा आंबटपणा सामूने, म्हणजे पीएचने मोजला तर हीच अडचण अधिक छुप्या रूपात येते. पीएच ही लॉगरिथमची पट्टी आहे. एका लिंबाच्या रसाचा पीएच २.२ आणि दुसऱ्याचा २.४ असेल तर आकड्यांत फरक जेमतेम दिसतो आणि गुणांक अगदी लहान येतो. पण ०.२ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात सुमारे १.६ पट. ‘वजन अस्थिर, आंबटपणा मात्र स्थिर’ असा निष्कर्ष इथे निव्वळ पट्टीने घडवलेला असतो. पीएच आधीच लॉगरिथममध्ये असल्याने त्याला पुन्हा मध्याने भागण्याचे कारणच उरत नाही. त्याचे प्रमाण विचलन आहे तसे द्यावे.

नफा-तोट्यासारख्या किंवा सरासरीपासूनच्या फरकांसारख्या मालिकांत मध्य शून्याजवळ किंवा ऋणही असू शकतो. तिथे भाजकच डळमळीत असल्याने गुणांक शेकडो टक्क्यांत जातो, कधी उणे येतो. अशा आकड्याचा अर्थ लावत बसू नये.

एवढ्या अटी सांभाळल्यावरही प्रत्येक ठिकाणी गुणांकच हवा असे नाही, आणि पुढील प्रकरणांत वाचकाने हे लक्षात ठेवावे. प्रतवारीच्या यंत्रात लिंबे ठरावीक मापाच्या छिद्रांतून गळतात. ३९ मिलिमीटरच्या छिद्रातून कोणती पडतील आणि कोणती पुढे जातील, हे मिलिमीटरमधल्या विस्तारावर ठरते. तिथे व्यासाचा मध्य ४० आणि प्रमाण विचलन ३.१६ मिलिमीटर हे दोन आकडे लागतात, ७.९ टक्के एवढाच आकडा हाती दिला तर यंत्र लावणाऱ्याला छिद्राचे माप ठरवता येणार नाही. रस बाटलीत भरणाऱ्याला मात्र हजार मिलिलिटरसाठी साधारण किती लिंबे लागतील आणि त्यात किती घट-वाढ होईल, हे हवे असते, आणि तिथे मध्यासोबत गुणांकही कामाला येतो. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक तक्त्यात गुणांकाच्या शेजारी मध्य, प्रमाण विचलन, एकक आणि नमुनासंख्या हे चारही स्तंभ दिले आहेत. ज्याला फक्त प्रमाण विचलन लागते, त्याला ते गुणांकावरून उलटे शोधत बसावे लागू नये.